मिस्त्रीचं स्पिरिट आणि सुभेदारांची रम

माझ्या उभ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठल्या रोगाबद्दलचा नव्हता. "सिस्टर, हे स्पिरिट प्यायलं तर चढतं का?" हा होता. विचारणारा बहुधा हसत विचारायचा. मी एकदाही हसत उत्तर दिलं नाही, त्यामुळे मी खडूस आहे असं वॉर्डात ठरून गेलं होतं, आणि ते खरंही होतं.

परवा नातवाच्या एका मित्राने तोच प्रश्न आमच्या दारातल्या हात चोळायच्या सॅनिटायझरच्या बाटलीबद्दल विचारला. त्याला मी बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चहा गार झाला. जाताना तो नातवाला म्हणाला की आजी फार मनाला लावून घेतात. घेते. कारण मला कराडचा मिस्त्री आठवतो.

साठ सालानंतरची ती पहिली काही वर्षं. कराडला आमचा छोटा दवाखाना होता, चार-सहा खाटांचा. राज्यात दारूबंदी होती, म्हणजे दारू दुकानात मिळत नव्हती. बाकी सगळीकडे मिळत होती. ज्यांना तीही परवडत नव्हती किंवा पोलिसांची भीती वाटायची, ते लोक टिंक्चर, पॉलिश, स्टोव्हचं स्पिरिट असलं काहीबाही पोटात ढकलत. मग ते आमच्याकडे येत आणि पोटात दुखतंय म्हणत. काय खाल्लं विचारलं की भजी खाल्ली म्हणत. त्या काळात कराडच्या भज्यांची फार बदनामी झाली.

दवाखान्यात नवी लाकडी बाकं आणि डॉक्टरांचं टेबल आलं होतं. त्याला पॉलिश करायला हा मिस्त्री यायचा. चाळिशीचा, सडपातळ, बोटांना कायम लाखेचा तपकिरी रंग. कामात त्याचा हात धरणारा नव्हता. टेबलाचा पृष्ठभाग पुसायचा, डोळा लाकडाच्या पातळीला आणून उजेडात तिरपा बघायचा, आणि मला दिसतही नसलेली जागा पुन्हा घासायचा. त्याची सगळी भाकरी त्या तिरप्या नजरेवर होती. बरोबर त्याचा मेव्हणा असायचा, बायकोचा भाऊ, जो बहुतेक वेळ डबे धरून उभा राहायचा आणि त्यालाच काम म्हणायचा.

मिस्त्री दारू पितो हे मला त्याच्या बायकोकडून कळलं होतं. ती शेंगा फोडायच्या कामाला जायची, आणि दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन आली की माझ्याजवळ घटकाभर टेकायची. तिचं एकच मागणं होतं: नवऱ्याने एकदा पालीच्या खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यावी. कैक वर्षं ती त्याच्या मागे होती. तो म्हणायचा, पुढच्या जत्रेला. जत्रा दरवर्षी यायची.

पॉलिश करणाऱ्या मंडळींत एक रीत होती. काम उरकलं की लाख विरघळवायला आणलेलं, डब्यात उरलेलं स्पिरिट मिस्त्रीचं. ते कुणी परत मागत नसे. बहुतेक जण ते पुढच्या कामाला ठेवत. काही जण ठेवत नसत. प्यायचं झालं तर त्यांची एक परीक्षा होती, आणि तिच्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. झाकणात थोडं ओतायचं, काडी लावायची. जाळ निळा आणि बिनधुराचा आला तर माल शुद्ध. पिवळा आला तर भेसळ. हे मला मिस्त्रीनेच एकदा बाकावर बसून समजावलं होतं, केवळ ज्ञान म्हणून, तो स्वतः पीत नाही असं सांगून. मी त्याला म्हटलं होतं की निळ्या जाळाने काहीच सिद्ध होत नाही, पिण्याचं अल्कोहोल आणि डोळे घालवणारं अल्कोहोल दोन्ही तसंच जळतं. त्याने मान डोलावली. डॉक्टर लोक सावधगिरीने बोलतात अशी त्याची समजूत असावी. मी डॉक्टर नव्हते, तरी मान मिळाला.

काम संपलं त्या संध्याकाळी त्याने आणि मेव्हण्याने उरलेला डबा घरी नेला. या वेळचा माल एका नव्या दुकानातून आणलेला होता, स्वस्त म्हणून. त्याला रंग नव्हता, नेहमीची घाण नव्हती. नेहमीच्या स्पिरिटमध्ये मुद्दाम जांभळा रंग आणि ओकारी येईल असा वास घातलेला असतो, लोकांनी पिऊ नये म्हणून. या दोघांचं गणित उलटं होतं. रंग आणि वास म्हणजेच विष, ते नसलं की विषही नाही. त्यांनी झाकणात काडी लावली. जाळ निळा आला.

पुढचं मला बायकोने नंतर सांगितलं. दोघे थोडे झिंगले, फार नाही, आणि झोपले. सकाळी मिस्त्री उठला तेव्हा डोकं दुखत होतं, बाकी ठीक होता. बायकोने मात्र या वेळी त्याला सोडलं नाही. तिने देव्हाऱ्यातला भंडारा त्याच्या तळहातावर ठेवला, दुसरा हात धाकट्या पोरीच्या डोक्यावर ठेवायला लावला, आणि शपथ वदवून घेतली: या जन्मात दारूचा थेंब घेणार नाही. त्याने घेतली. तिला इतका आनंद झाला की कामावर न जाता तिने पुरण घातलं.

मेव्हण्याने शपथ घेतली नव्हती. त्याचंही डोकं धरलं होतं, म्हणून त्याने नदीकडच्या बाजूला जाऊन हातभट्टीची घेतली. दुपारी पुन्हा घेतली.

चारच्या सुमाराला तिघं दवाखान्यात आली. मिस्त्रीला बायकोने धरून आणलं होतं. मेव्हणा मागून झोकांड्या खात येत होता, पण खुशीत. मिस्त्रीला उलट्या झाल्या होत्या, पोटात कळ होती, आणि श्वास असा खोल आणि भराभर चालला होता की जणू सदाशिवगड पळत चढून आलाय. तो स्वतःच पॉलिश केलेल्या बाकावर बसला, दरवाजाकडे तोंड करून म्हणाला, "सिस्टर, खिडक्या का लावल्यात? धुकं पडलंय का आत?"

खिडक्या उघड्या होत्या. ऊन थेट बाकावर पडलं होतं.

आमचे डॉक्टर मूळचे सांगलीचे, तरुण, शांत आणि भयंकर सावकाश बोलणारे. त्यांनी बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारली. बाहुल्या जेमतेम हलल्या. त्यांनी विचारलं काय प्यायलं, आणि या वेळी कुणी भज्यांचं नाव काढलं नाही. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिथाइल अल्कोहोल आहे. आता आपल्याला याला दारू पाजावी लागेल. चांगली दारू."

मी एव्हाना बरंच काही पाहिलं होतं, पण हे ऐकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच चालीने सांगते. मिथाइल अल्कोहोल पोटात गेलं की लगेच फार काही करत नाही. ते यकृतात जातं, आणि यकृत त्याचं काम करता करता त्यापासून एक आम्ल तयार करतं. लाल मुंगी चावल्यावर जे झोंबतं, तेच आम्ल. ते रक्त आंबवतं आणि डोळ्यांच्या शिरेला धरतं. याला वेळ लागतो, म्हणून माणसाला सकाळी बरं वाटतं आणि दुपारी दिसत नाही. पिण्याची दारू, म्हणजे इथाइल अल्कोहोल, त्याच यकृताच्या त्याच खिडकीपाशी येते. आणि यकृत तिला आधी घेतं. रेशनच्या दुकानात ओळखीच्या माणसाला आधी घेतात तसं. ती रांगेत पुढे असेपर्यंत मिथाइल मागे ताटकळत राहतं, आणि हळूहळू लघवीवाटे, श्वासावाटे तसंच बाहेर निघून जातं. आम्ल होत नाही. म्हणून मेव्हणा हसत होता. त्याच्या पोटात हातभट्टी होती. ज्याने शपथ पाळली त्याचे डोळे जात होते, आणि जो सुधारला नाही तो ठणठणीत होता.

मला त्या क्षणी देवाचा राग आला. मी तो डॉक्टरांना बोलून दाखवला. ते म्हणाले, राग नंतर, आधी सोडा बायकार्ब काढा.

सोडा पाण्यात कालवून द्यायला सुरुवात केली, रक्तातला आंबटपणा कमी करायला. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर गाडीला वेळ, आणि वाटेत डोळे जायचे. दारू इथेच हवी होती आणि आमच्याकडे ती नव्हती. शुद्ध रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे काहीही न मिसळलेलं इथाइल अल्कोहोल, कुलपात असायचं, ते कधीच संपलं होतं आणि मागणी साताऱ्यात कुणाच्या तरी टेबलावर पडून होती.

तेव्हा मिस्त्रीच्या बायकोने कोपऱ्यातल्या मोठ्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवलं. "आवं सिस्टर, एवढं स्पिरिट हाय की तुमच्याकडं. दवाखान्याचं हाय, सुईच्या आदी लावताय, आत जातंच की थोडं. तेच पाजा. भाईरनं कशाला आणायचं?"

तिचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. जी वस्तू जखमेला चालते ती पोटाला का चालू नये? मी तिला सांगितलं की हे आमचं सर्जिकल स्पिरिट आहे. यातही बरंचसं पिण्याच्याच दारूतलं अल्कोहोल आहे, पण कुणी पिऊ नये म्हणून त्यात तेच मिथाइल मिसळून ठेवलंय, ज्याने तुझा नवरा इथे बसलाय. शिवाय कातडी कोरडी पडू नये म्हणून एरंडेल आहे, आणि मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमात असतं ते वासाचं तेल आहे, तेही पोटात गेलं तर विषच. कातडीवर लावलं की उडून जातं. पोटात गेलं की उडून जायला जागा नसते. गाळून, उकळून, उन्हात ठेवून, मीठ टाकून त्यातलं मिथाइल निघत नाही. मिथाइल आणि पिण्याचं, दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही निळी जळणारी, जिभेलाही जवळजवळ सारखी. माणसाला ओळखता येत नाहीत. यकृताला येतात, पण ते नंतर सांगतं.

ती म्हणाली, "मग ह्येला दवाखान्यात ठेवताच कशाला?" मी म्हटलं हात धुवायला. तिने बरणीकडे अशा नजरेने पाहिलं की मला ती बरणी आजही झाकून ठेवावीशी वाटते.

दारू मिळाली ती माझ्या घरमालकांकडे. ते निवृत्त सुभेदार होते, कडेगावकडचे. ऊसही होता, पेन्शनही होती, आणि प्रकृतीसाठी दारूचा सरकारी परवाना होता. तोपर्यंत सुभेदारांच्या प्रकृतीला नेमकं काय झालंय हे आळीत कुणालाच कळलं नव्हतं. मी निरोप पाठवला. ते धोतरावर कोट चढवून, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, कवायतीला आल्यासारखे आले. रमची होती. डॉक्टरांनी पाणी घालून पातळ करायला सांगितलं, कारण नुसती पोटाला सोसणार नव्हती. सुभेदारांना पाण्याचं प्रमाण पटलं नाही. फौजेत एवढं पाणी घालत नाहीत असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांना बाहेर बाकावर बसवलं.

मी रमचा मग घेऊन मिस्त्रीपाशी गेले. वासाबरोबर त्याने तोंड फिरवलं.

"भंडारा उचललाय सिस्टर," तो म्हणाला. दम लागत होता, शब्द तुटत होते. "पोरीच्या डोक्यावर हात ठिवलाय. आंधळा झालो तरी चालंल. न्हाई घ्यायचो."

मी त्याला समजावलं. हे औषध आहे म्हटलं. डॉक्टरांनी समजावलं, त्यांच्या चालीने, म्हणजे बराच वेळ गेला. सुभेदारांनी दारातून हुकूम सोडून पाहिला. तो दात आवळून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दारूला नाही म्हटलं होतं, आणि या एका दिवशी ते चालणार नव्हतं. मला संताप आला. त्याचं नाक दाबावं असंही मनात आलं. रबरी नळी घालता आली असती, पण श्वास असा चाललेल्या माणसाशी झटापट करायची नव्हती.

बायको भिंतीशी उभी होती. तिच्या बोटांना अजून पुरणाचा वास होता.  ही शपथ तिने कैक वर्षं मागितली होती. तिला मिळून एक दिवसही झाला नव्हता.

ती पुढे आली. तिने माझ्या हातातून मग घेतला आणि नवऱ्याच्या समोर उकिडवी बसली.

"शपथ मी घातली," ती म्हणाली. "मीच काढती. पाप लागलं तर मला लागंल, पोरीला न्हाई. तुमी पीत न्हाईसा. मी पाजतीया. तोंड उघडा."

त्याने तोंड उघडलं. आमच्यापैकी कुणासाठी उघडलं नसतं. तिने चमच्याने पाजायला सुरुवात केली, लहान मुलाला बाळघुटी पाजावी तशी. दर चमच्यानंतर ती चमच्याचा हात स्वतःच्या कपाळाला लावत होती, देवाची माफी मागत असावी. डॉक्टर ठरावीक वेळाने पाहून पुढचं माप सांगत. कमी पडून चालणार नव्हतं आणि शुद्ध हरपेल इतकी जास्त होऊनही नाही.

मेव्हण्याला डॉक्टरांनी घरी जाऊ दिलं नाही. त्याला समजेना की आपल्याला काय झालंय. अजून काहीच झालं नव्हतं, आणि होऊ नये म्हणूनच त्याला ठेवायचं होतं. हातभट्टी उतरली की त्याचीही पाळी होती, आणि त्या हातभट्टीतही काय असेल याची खात्री नव्हती. म्हणून त्याला शेजारच्या खाटेवर ठेवून मापात रम आणि सोडा चालू केला. दारू प्यायला सक्तीने दवाखान्यात भरती झालेला तो त्या भागातला बहुधा पहिला माणूस. आधी त्याला स्वर्ग मिळाल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तो मला हात जोडून म्हणाला की सिस्टर, आता सोडा, हिच्यात काय राम न्हाई. डॉक्टरांनी सोडलं नाही. सुभेदारांनी दुसरी बाटली आणली, आणि आपल्या प्रकृतीचं आता काय होणार याची काळजी करत परत गेले.

मिस्त्रीचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मग त्याला सांगलीला हलवलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचला आणि नजरही पूर्ण गेली नाही, पण मधली गेली. कडेचं दिसेल. ज्याच्याकडे सरळ बघेल ते दिसणार नाही.

मेव्हणा महिन्याभरात पुन्हा प्यायला लागला, हे सांगितलं नाही तर खोटं होईल. सुभेदारांना आळीत अधिक मान मिळाला. ते नव्या दुकानाचं स्पिरिट पुढे पोलिसांनी उचललं. पुढे बदल्यांवर बदल्या झाल्या, मी साताऱ्याला आले, आणि दवाखान्यात नवी नवी स्पिरिटं आली. अलीकडच्या हात चोळायच्या बाटल्यांत बऱ्याचदा आणखी तिसरंच अल्कोहोल असतं, आयसोप्रोपिल. ते डोळ्यांना मिथाइलसारखं धरत नाही, पण दारूच्या दुपटीने गुंगी आणतं, पोट आतून सोलतं आणि श्वास बंद पाडू शकतं. काहींत इथाइल असतं, पण कडू आणि विषारी काहीतरी मिसळलेलं. आणि काही बनावट बाटल्यांत चक्क मिथाइल निघतं. नातवाच्या मित्राला मी एवढंच म्हटलं की बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय म्हणजे ती दारू नव्हे. तो म्हणाला, मी गंमत करत होतो. मिस्त्रीही गंमतच करत होता, झाकणात काडी लावताना.

कराड सोडण्याआधी मी एकदा मिस्त्रीच्या घरी गेले. पॉलिशचं काम सुटलं होतं. तिरप्या उजेडात लाकूड बघणारी ती नजरच राहिली नव्हती. तो दोरखंड वळायला बसायचा. दारू पुन्हा घेतली नव्हती. बायकोने पालीला जाऊन स्वतःच्या नावाने दंड भरला होता, नारळ आणि भंडाऱ्याचा, नवऱ्याला शपथेतून एकदा सोडवलं म्हणून, आणि तिथेच ती शपथ त्याच्यावर पुन्हा घातली होती.

मला बसायला पाट दिला. पोरगी पाणी घेऊन आली. बायको चुलीवरून चहा घेऊन आली आणि त्याच्या समोर बसली. तो मात्र दाराच्या चौकटीकडे बघत होता. मला वाटलं, मी आल्यामुळे अवघडलाय, म्हणून बघत नाही.

"लुगडं नवं हाय व्हय गं?" तो म्हणाला, अजून चौकटीकडेच बघत.

"जुनंच हाय. धुतलंय," ती म्हणाली.

"तोंड कुटं हाय तुजं?"

मी चहाच्या कपात बघत राहिले.  ती आपला पाट घेऊन त्याच्या समोरून उठली आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसली, जिथून ती त्याला दिसायची.